नाडी ६५ वरच का अडकली? पेसमेकरचे मोड समजून घेताना

नौपाड्यातल्या एका जुन्या, बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे काका गेल्या श्रावणात तपासणीला आले. वय ७४. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यातून स्टोअरकीपर म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवायची सवय अंगात भिनलेली. नऊ वर्षांपूर्वी तलावपाळीवर संध्याकाळी फिरताना ते अचानक कोसळले होते. तेव्हा बसवलेला पेसमेकर इतकी वर्षं बिनतक्रार चालला होता. पण गेला दीड महिना त्यांना दुसरा मजला आला की जिन्यातच बसावं लागत होतं.

घराजवळच्या डॉक्टरांनी सगळं पाहिलं होतं. हिमोग्लोबिन ठीक, ऑक्सिजन ९८, छातीचा एक्स-रे ठीक. ईसीजीमध्ये पेसमेकरचे ठोके नियमित पडत होते. "मशीन चालू आहे, वयोमानाने होतं," असं सांगून त्यांना घरी पाठवलं होतं. काकूंचं मात्र समाधान झालं नव्हतं. "ताई, यांच्या मानेत बघा, मधूनच काहीतरी उडतं. आधी असं नव्हतं."

काकांनी पिशवीतून वही काढली. रोज सकाळी उठल्यावर आणि जिना चढून आल्यावर मोजलेली नाडी तारखेनिशी लिहिली होती. सकाळी ६५. जिना चढल्यावर ६५. दुसऱ्या दिवशी ६५, ६५. सहा आठवडे तोच आकडा.

पेसमेकर तपासण्याचं काम मी ठाण्यात चौदा वर्षं करते आहे. मी डॉक्टर नाही, टेक्निशियन आहे. पण ते पान पाहिल्यावर तपासणीआधीच मला कळलं होतं की यंत्राचा मोड बदलला आहे. कसं कळलं ते समजण्यासाठी आधी यंत्र काय करतं ते पाहावं लागेल.

हृदयाला चार कप्पे असतात, दोन वरचे आणि दोन खालचे. उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक लहानसा पुंजका असतो आणि ठोका कधी पडायचा ते तो ठरवतो. बसलेलो असताना तो मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा विजेची बारीक लहर सोडतो. लहर आधी वरच्या कप्प्यांत पसरते, ते आकुंचन पावतात आणि रक्त खाली ढकलतात. मग वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या सीमेवर एका गाठीपाशी ती क्षणभर अडवली जाते. सेकंदाचा पाचवा हिस्सा, किंवा त्याहूनही कमी. तेवढ्यात खालचे कप्पे पूर्ण भरतात. मग लहर खाली उतरते आणि खालचे कप्पे जोरात आकुंचन पावून रक्त फुप्फुसांत आणि अंगभर पाठवतात. मनगटावर आपल्या बोटांना लागतो तो या खालच्या कप्प्यांचा ठोका.

काकांच्या बाबतीत सीमेवरची ही वाट नऊ वर्षांपूर्वी पूर्ण बंद झाली. याला कम्प्लीट हार्ट ब्लॉक म्हणतात. रक्तवाहिनीत होतो तो ब्लॉकेज वेगळा, हा विजेच्या वाटेचा ब्लॉक. वरचे कप्पे आपल्या चालीने ८४ वेळा आकुंचन पावत होते आणि निरोप न पोचल्यामुळे खालचे कप्पे स्वतःच कसेबसे ३४ वेळा चालत होते. चौतिसात बसलेल्या माणसाचं जेमतेम भागतं, चालणाऱ्याचं भागत नाही. म्हणून ते तलावपाळीवर पडले.

पेसमेकरने ती तुटलेली वाट जोडली. कॉलरबोनच्या खाली, त्वचेच्या आत, टायटॅनियमची एक चपटी डबी. वजन पंचवीस-तीस ग्रॅम. आत बॅटरी आणि सर्किट. डबीतून दोन वायरी शिरेमधून हृदयात जातात, एकीचं टोक वरच्या उजव्या कप्प्यात, दुसरीचं खालच्या उजव्या कप्प्यात. या वायरी दोन्ही बाजूंनी काम करतात. त्या हृदयातली विजेची लहर टिपतात, यालाच आम्ही ऐकणं म्हणतो, आणि गरज असेल तेव्हाच विजेचा बारीक टोला देतात. बहुतेकांना वाटतं की पेसमेकर सतत हृदय 'चालवतो'. खरं तर त्याचा निम्मा वेळ ऐकण्यातच जातो. कुठे ऐकायचं, कुठे टोला द्यायचा आणि ऐकू आल्यावर काय करायचं, या तीन प्रश्नांची उत्तरं म्हणजेच त्याचा मोड.

कार्डावरची तीन अक्षरं

पेसमेकर बसवल्यावर पाकिटात मावेल असं एक कार्ड मिळतं. काही कार्डांवर मोडही लिहिलेला असतो, नसेल तर तपासणीच्या कागदावर नक्की असतो. त्यात VVI, DDD, AAI अशी अक्षरं दिसतात. पहिलं अक्षर सांगतं टोला कुठे दिला जातो. दुसरं सांगतं यंत्र कुठे ऐकतं. तिसरं सांगतं ऐकू आल्यावर ते काय करतं. A म्हणजे वरचा कप्पा, V म्हणजे खालचा, D म्हणजे दोन्ही. तिसऱ्या जागी I असेल तर अर्थ असा की हृदयाचा स्वतःचा ठोका ऐकू आला, तर यंत्र गप्प बसतं. तिथे D असेल तर यंत्र गरजेप्रमाणे गप्पही बसतं आणि वरच्या कप्प्याचा ठोका ऐकून खालच्या कप्प्याला टोलाही देतं.

VVI ६० घेऊ. यंत्र फक्त खालच्या कप्प्यात ऐकतं. ६० म्हणजे मिनिटाला साठ, अर्थात एक सेकंदाचं घड्याळ. सेकंद संपायच्या आत हृदयाचा आपला ठोका पडला, तर घड्याळ पुन्हा शून्यावर. नाही पडला, तर सेकंद पूर्ण होताच टोला. बस्स. वरचे कप्पे काय करताहेत, माणूस झोपलाय की जिना चढतोय, याचा त्याला पत्ताच नसतो.

DDD ६०–१३० मध्ये यंत्र आधी वरच्या कप्प्याकडे कान लावतं. तिथे ठोका पडला, की साधारण १५० ते १८० मिलिसेकंद थांबतं, म्हणजे निसर्गाची ती क्षणभराची अडवणूक यंत्र स्वतः पाळतं. तेवढ्यात खालचा ठोका आपसूक पडला तर ठीक, नाहीतर टोला देतं. वरचे कप्पे ७८ ने चालले तर नाडी ७८. जिना चढताना ते ११५ वर गेले तर नाडी ११५. ६० ही खालची हद्द आणि १३० ही मागे धावण्याची वरची हद्द. वरच्या कप्प्यांनी उद्या भलताच वेग घेतला, तर यंत्र त्यामागे वेड्यासारखं धावू नये म्हणून ती हद्द.

भजनात बसलेल्यांना हे लगेच कळेल. गाणारा आणि पखवाजवाला एकमेकांना ऐकत असतात, गाणाऱ्याने लय वाढवली की पखवाज वाढतो. हे झालं DDD. VVI मध्ये पखवाजवाला दुसऱ्या खोलीत बसला आहे. तो ठेका सोडत नाही, पण गाणं त्याला ऐकू येत नाही.

चौथं अक्षर R दिसलं, तर यंत्रात हालचाल ओळखणारा सेन्सर चालू आहे. ज्यांच्या वरच्या कप्प्याचा मूळ पुंजकाच सुस्त झाला आहे, त्यांना चालताना वेग वाढवून द्यायला हे लागतं. याचं पुढे सांगते, कारण काकांच्या गोष्टीत तेही आलं.

एक गैरसमज आत्ताच दूर करते, कारण तो आमच्याकडे वेटिंगमध्ये रोज ऐकू येतो. "आमच्या बाबांना दोन वायरींचा बसवला, तुमच्या आईला एकच?" हे ऐकून लोक खट्टू होतात. VVI हा काही हलका मोड नाही. ज्यांच्या वरच्या कप्प्यांत कायमचं एट्रियल फिब्रिलेशन आहे, म्हणजे ते कप्पे आकुंचन न पावता नुसते थरथरतात, त्यांच्याकडे मागे जाण्यासारखी लयच नसते. तिथे वरची वायर टाकून काही हाती लागत नाही, VVI किंवा VVIR हाच बरोबर मोड. वरचे कप्पे नीट चालत असताना मात्र दोन वायरींमुळे जोडणी टिकते. दोन्हींची तुलना करणाऱ्या मोठ्या अभ्यासांत आयुर्मानात ठळक फरक दिसला नाही. पण दोन वायरींच्या यंत्रांत एट्रियल फिब्रिलेशन कमी झालं आणि काकांना झाला तसला त्रासही कमी झाला.

काकांच्या यंत्रात काय झालं होतं

काकांचा मोड होता DDD ६०–१३०. जुन्या कागदांवर बसल्याजागी त्यांची नाडी ७२, ७६, ८० अशी दिसत होती. हद्द ६० ची असली, तरी त्यांचे वरचे कप्पेच त्याहून वेगात चालायचे आणि यंत्र त्यांच्या मागे जायचं. अशा माणसाची नाडी सलग सहा आठवडे, झोपून उठल्यावर आणि तीन मजले चढून आल्यावरही ६५? म्हणजे यंत्राने वरचं ऐकणं सोडलं होतं. आणि ६५ हा आकडा कोणीही निवडून घातलेला नव्हता.

त्यांना झोपवून तपासणीच्या संगणकाचा वँड शर्टावरूनच डबीवर ठेवला. यात दुखत नाही, सुई नाही. स्क्रीनवर आलं: VVI, ६५. वर बॅटरीच्या चौकटीत ERI.

ERI म्हणजे बॅटरी बदलण्याची वेळ झाली. पेसमेकरची बॅटरी बहुधा लिथियम-आयोडीनची असते. टॉर्चच्या सेलसारखी ती एके दिवशी अचानक बंद पडत नाही. तिचा आतला रोध वर्षानुवर्षं हळूहळू वाढत जातो आणि यंत्र तो स्वतः मोजत असतं. ठरलेली रेषा ओलांडली, की ते ERI दाखवतं. त्यानंतर साधारण तीन महिन्यांची बेगमी उरलेली असते. ही बेगमी पुरावी म्हणून काही कंपन्यांची यंत्रं त्या क्षणी आपणहून काटकसरीवर जातात: वरची वायर बंद, सेन्सर बंद, फक्त खालच्या कप्प्याला मिनिटाला ६५. प्रत्येक कंपनीचं वागणं वेगळं असतं, सगळीच यंत्रं असं करत नाहीत. काकांचं या प्रकारचं होतं.

आता त्यांची प्रत्येक तक्रार जागेवर बसते. जिना चढताना वरचे कप्पे ११० वर जात होते, पण नाडी ६५ च्या पुढे सरकत नव्हती, म्हणून दम. दोन्ही कप्पे आपापल्या तालावर चालल्यामुळे मधूनच वरचा कप्पा नेमका अशा वेळी आकुंचन पावायचा, जेव्हा खालचाही आकुंचनात असे आणि मधली झडप बंद असे. रक्ताला पुढे वाट नाही, मग ते मागे मानेच्या शिरांत उसळायचं. काकूंना दिसत होतं ते हेच. वरच्या कप्प्याचा भरणीतला शेवटचा हातभारही नीट मिळत नसल्याने प्रत्येक ठोक्यात रक्त थोडं कमी जात होतं, त्यातून थकवा. याला पेसमेकर सिंड्रोम म्हणतात. आणि साध्या ईसीजीत फसगत होते, कारण ठोके खरोखरच नियमित पडत असतात.

हे टळलं असतं. शेवटच्या तपासणीला दोन वर्षं दोन महिने झाले होते. तेव्हाच्या कागदावर बॅटरी अंदाजे दीड ते दोन वर्षं असं लिहिलं होतं आणि सहा महिन्यांनी बोलावलं होतं. काही होत नाही म्हणून ते आले नाहीत. मधला काही काळ मुलाकडे पुण्याला गेला. एरवी वर्षातून एकदा तपासणी पुरते, बॅटरी उतरणीला लागली की दर तीन महिन्यांनी. काही यंत्रांना घरी ठेवायचा मॉनिटर किंवा मोबाइल ॲप मिळतं आणि माहिती आपोआप पोचते. तुमच्याकडे ते असेल, तर ते प्लगमध्ये लावलेलं आहे ना ते पाहा. कपाटात बांधून ठेवलेले मॉनिटर मी बरेच पाहिले आहेत.

त्याच तपासणीत आणखी एक गोष्ट करावी लागते. यंत्राचे टोले काही क्षण मंद करून काकांचं स्वतःचं हृदय किती चालतं ते पाहिलं. ३२. म्हणजे त्यांचं सगळं यंत्रावरच अवलंबून, त्यामुळे तीन महिने वाट पाहण्यात अर्थ नव्हता. डॉक्टरांनी त्याच आठवड्यात डबी बदलायचं ठरवलं.

लोक 'बॅटरी बदलली' म्हणतात, प्रत्यक्षात अख्खी डबी बदलते, कारण बॅटरी आत सीलबंद असते. त्वचेखालची डबीची जुनीच जागा तेवढ्याच भागाला भूल देऊन उघडतात, वायरी सोडवून तपासतात, चांगल्या असतील तर नव्या डबीला जोडतात. काकांच्या दोन्ही चांगल्या होत्या. खालच्या वायरीला ०.७५ व्होल्टला हृदय प्रतिसाद देत होतं. हा आकडा काढताना आम्ही टोल्याचा जोर पायरीपायरीने कमी करत जातो आणि एक ठोका चुकला की थांबतो. तो चुकलेला ठोका रुग्णाला कधीकधी जाणवतो, घाबरू नये. मग त्याच्या दुपटीहून थोडा वरचा जोर ठेवतात, काकांचा २ व्होल्ट ठेवला. ज्यांच्या वायरी नव्या असतात, त्यांचा जोर सुरुवातीला ३.५ व्होल्टच्या आसपास ठेवावा लागतो, कारण टोकाभोवती काही आठवडे सूज असते. तो जोर तिसऱ्या महिन्याच्या तपासणीत उतरवतात. जोर निम्मा केला तर खर्ची पडणारी ऊर्जा चौथ्या हिश्श्यावर येते. काही यंत्रं हे स्वतः जुळवून घेतात, पण सगळी नाही. म्हणून ती तीन महिन्यांची खेप कधीही चुकवू नका, पुढच्या काही वर्षांची बॅटरी त्यात असते.

काकांना दुसऱ्यांदा डबी उघडायची म्हटल्यावर धास्ती वाटत होती. त्यांना मी अर्ने लार्सन यांची हकिकत सांगितली. ८ ऑक्टोबर १९५८ ला स्टॉकहोममध्ये शरीराच्या आत पेसमेकर बसवलेले ते जगातले पहिले रुग्ण. पहिलं यंत्र काही तासांतच बंद पडलं. पुढे त्यांना वीसहून जास्त यंत्रं लागली आणि ते २००१ मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी गेले. काका म्हणाले, "म्हणजे माझा स्टॉक अजून शिल्लक आहे."

घरी गेल्यावर

नव्याने वायरी बसवल्या असतील, तर पहिले चार ते सहा आठवडे त्या बाजूचा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही आणि जड उचलायचं नाही. वायरीचं टोक हृदयाच्या भिंतीत अजून रुजायचं असतं. ठाण्यात राहणाऱ्यांसाठी याचा अर्थ अगदी साधा आहे: या काळात लोकलमध्ये डाव्या हाताने वरची कडी धरायची नाही. गर्दीचा एक हिसका वायर सरकायला पुरतो. चक्कर परत आली, किंवा पोटाच्या वर उचकीसारखे झटके ठोक्याच्या तालावर बसू लागले, तर वायर हलली असण्याची शक्यता असते, लगेच दाखवा. याच्या उलट चूकही होते. भीतीपोटी लोक हात महिनोन्‌महिने अंगाशी बांधल्यासारखा ठेवतात आणि खांदा आखडून बसतो. खांद्याच्या खालच्या हालचाली दुसऱ्या दिवसापासून करायच्या असतात. काकांची फक्त डबी बदलली होती, त्यामुळे त्यांना एवढी बंधनं नव्हती, जखम कोरडी ठेवायची एवढंच.

जखमेबद्दल मी कडक आहे. डबीवरची त्वचा लाल, गरम झाली, फुगली, पाणी आलं, किंवा महिन्यांनंतरही डबीची कड त्वचेतून वर येऊ लागली, तर घरी मलम लावत बसू नका आणि केमिस्टकडून गोळ्या घेऊ नका. कोणाला सुईने पाणीही काढू देऊ नका. ज्यांनी यंत्र बसवलं त्यांच्याकडे जा. डबीला जंतुसंसर्ग झाला, तर बहुधा डबी आणि वायरी सगळंच काढावं लागतं.

स्वयंपाकघरातला प्रश्न काकूंनी विचारला. गॅस, मिक्सर, फ्रिज, मायक्रोवेव्ह यांचा काही त्रास नाही. इंडक्शन शेगडीपासून मात्र छाती दोन फूट लांब हवी, म्हणजे तिच्यावर वाकून ढवळायचं नाही. मोबाइल शर्टाच्या डाव्या खिशात नको, यंत्रापासून वीतभर लांब आणि कानाला विरुद्ध बाजूला. आता काही फोनच्या पाठीत आणि इअरफोनच्या डबीत चांगलेच ताकदवान चुंबक असतात. चुंबक जवळ आला, की बहुतेक पेसमेकर ऐकणं बंद करतात आणि ठरलेल्या वेगाने आंधळेपणाने टोले देऊ लागतात. चुंबक दूर केला की पूर्ववत. कायमचं नुकसान होत नाही, पण ती वस्तू खिशात घालून हिंडू नये.

मॉलच्या किंवा नाट्यगृहाच्या दारातल्या मेटल डिटेक्टरच्या चौकटीतून नेहमीच्या चालीने निघून जा, तिथे टेकून उभे राहू नका. हातातला डिटेक्टर छातीवर धरून ठेवू नका असं सांगा आणि कार्ड दाखवा. कार्ड कायम पाकिटात असावं.

एमआरआय करायचा झाला, तर डबी आणि वायरी दोन्ही एमआरआयला चालणाऱ्या आहेत का ते कार्डावरून पाहावं लागतं. नवी डबी आणि जुन्या वायरी असतील, तर उत्तर नाही असं येऊ शकतं. परवानगी असेल तेव्हा एमआरआयच्या आधी यंत्र DOO किंवा VOO सारख्या मोडवर ठेवतात. मधला O म्हणजे यंत्र काहीच ऐकत नाही, म्हणजे एमआरआयच्या गोंगाटाला हृदयाचा ठोका समजून गप्प बसण्याचा धोका नाही. एमआरआय झाल्यावर मूळ मोड परत लावला का, हे विचारूनच बाहेर पडा. कुठलंही ऑपरेशन असेल तर सर्जनना आणि भूलतज्ज्ञांना आधी सांगा, कारण कापायला आणि रक्त थांबवायला वापरतात त्या कॉटरीच्या विजेनेही तसाच गोंगाट होतो.

घरी नाडी बघायची, तर मनगटावर पूर्ण एक मिनिट मोजा. बोटावरच्या ऑक्सिमीटरवर किंवा बीपीच्या मशीनवर एकट्यावर विसंबू नका. मधूनच अवेळी पडणारे ठोके इतके हलके असतात, की मशीन ते मोजत नाही आणि ४५ दाखवतं, प्रत्यक्षात यंत्र ठीक असतं. काहींना रात्री वेग ५० वर उतरेल असंही मुद्दाम ठरवलेलं असतं. आपली खालची हद्द किती, रात्रीची वेगळी आहे का, हे एकदा विचारून लिहून ठेवलं की निम्म्या धास्ती संपतात. पण हद्दीखालची नाडी आणि सोबत चक्कर, किंवा पूर्वी बदलणारी नाडी एकाच आकड्यावर अडकलेली, यात थांबायचं नाही.

पेसमेकर काय करत नाही, तेही घरच्यांना सांगावं लागतं. तो रक्तवाहिन्यांतला ब्लॉकेज काढत नाही, हार्ट अटॅक अडवत नाही, वेगाने धावणारं हृदय मंद करत नाही. त्यासाठीची औषधं चालूच राहतात. 'पेसमेकर असल्यावर जीव सहज जात नाही' हेही खरं नाही. स्नायूच प्रतिसाद देईनासा झाला, की टोल्याने काही होत नाही. आणि माणूस गेल्यावर दहनाआधी डबी काढून घ्यावी लागते, कारण आगीत तिची बॅटरी फुटते. बोलायला जड आहे, पण घरात एकाला तरी हे ठाऊक असू द्या.

डबी बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी काकांना मी रुग्णालयाचा एक जिना चढायला लावला. खाली ७५, वर १०४. काकूंनी त्यांच्या मानेकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि काहीच बोलल्या नाहीत.

दोन आठवड्यांनी ते जखम दाखवायला आले तेव्हा नवी तक्रार होती. "ताई, घोडबंदरला बहिणीकडे रिक्षाने गेलो, तर बसल्या जागी धडधडायला लागलं. जिन्यात काही नाही, रिक्षातच." नव्या यंत्रात वयाचा विचार करून R चालू ठेवला होता. हा सेन्सर अंगाची हालचाल आणि हादरे ओळखतो, पण हादरा पायांचा की खड्ड्यांचा हे त्याला कळत नाही. रिक्षात काका स्वस्थ बसले होते आणि यंत्राला वाटत होतं ते भरभर चालताहेत. याच कारणाने स्थिर सायकल मारणाऱ्याचा वेग कधीकधी पुरेसा वाढत नाही, कारण छाती हलतच नाही.

यंत्रात साठलेला दोन आठवड्यांचा आलेख काढला. काकांचे स्वतःचे वरचे कप्पे जिना चढताना ११५ पर्यंत छान जात होते. ज्याचा मूळ पुंजका इतका धड आहे, त्याला सेन्सरची गरज नाही. डॉक्टरांना विचारून R बंद केला. काकांनी वही उघडून माझ्यासमोर ठेवली आणि पेन दिलं. पहिल्या पानावर मी लिहिलं: DDD, ६०–१३०, R बंद, रात्रीचा वेग वेगळा नाही, पुढची तपासणी तिसऱ्या महिन्यात. काकांनी खाली स्वतःच्या अक्षरात भर घातली: '६५ अडकल्यास त्याच दिवशी येणे.'